फॉर्म भरला, पण प्रिलिमला गेलोच नाही: यूपीएससीचा अटेम्प्ट मोजतात का?

अनघा_मिरज

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा आहे, पण घरात त्यावरून रोज वाद होतोय म्हणून मीच लिहिते.

तो पुण्यात राहून सिव्हिल सर्व्हिसेसची तयारी करतो. ओपन कॅटेगरी. आतापर्यंत चार प्रिलिम दिल्यात, त्यातल्या एकीतून मेन्सपर्यंत पोचला होता. यंदाचा, म्हणजे २०२६ चा फॉर्म त्यानं भरलाय. पण मधे डेंग्यू झाला, मग महिनाभर अशक्तपणा, आणि अभ्यास पार मागे पडला. तो म्हणतो, यंदा जात नाही, अटेम्प्ट वाचवतो. बाबांचं म्हणणं, फॉर्म भरला तेव्हाच अटेम्प्ट गेला, आता न जाऊन काय मिळवणार? त्याचा रूममेट तिसरंच सांगतो: सकाळचा पेपर देऊन बघ, सोपा वाटला तर दुपारी बस, अवघड गेला तर दुपारी बसू नकोस, म्हणजे अटेम्प्ट धरत नाहीत.

तिघांपैकी बरोबर कोण? ज्यांनी नियम नीट वाचलेत त्यांनी सांगा. ऐकीव गोष्टींवर त्याचं वर्ष पणाला लावायचं नाहीये.

पेठेतला_अभ्यासू

अनघाताई, बाबांना सांगा निर्धास्त राहा. फॉर्म भरल्यानं अटेम्प्ट जात नाही. हॉलतिकीट डाउनलोड केलं तरी जात नाही. इथं पेठेत दर वर्षी कितीतरी मुलं फॉर्म भरून ठेवतात आणि जात नाहीत.

रूममेटचंही बरोबर आहे. दोन्ही पेपर दिले तरच परीक्षा दिली असं धरतात. एकच पेपर दिला तर तुमचा निकालच लागत नाही, मग अटेम्प्ट कसा धरणार? भावाला सकाळी पाठवा. पेपरचा अंदाज येईल, हॉलची सवय मोडणार नाही.

कोकणकडा

मला वाटतं अटेम्प्ट जातो. माझा अनुभव सांगतो. इंजिनिअरिंगला तिसऱ्या सेमिस्टरला मी एका विषयाचा फॉर्म भरला आणि कावीळ झाल्यामुळे पेपरला बसलो नाही. मार्कशीटवर ‘एबी’ आलं. पुढच्या वेळी चांगल्या मार्कांनी पास झालो, तरी ‘पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण’ हे गेलं ते गेलंच. कॅम्पसला एका कंपनीची अटच होती, सगळे विषय पहिल्या प्रयत्नात. मी आजारपणाचे कागद घेऊन दोन खिडक्यांवर फिरलो, कुणी दाद दिली नाही. तेव्हा फॉर्म भरला की मोजतात, हे धरून चाला.

स्मिता_नागपूर

अनघा, मी स्वतः सगळे अटेम्प्ट वापरून बाहेर पडले आणि आता मुलांना वैकल्पिक विषय शिकवते. हा प्रश्न दर वर्षी फॉर्म भरून झाले की येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यूपीएससीच्या नोटीसमध्ये अटेम्प्टच्या कलमाखाली तीन वाक्यं आहेत आणि तुमच्या घरातला वाद त्या तीनच वाक्यांत मिटतो. पहिलं, प्रिलिमचा अटेम्प्ट म्हणजेच सिव्हिल सर्व्हिसेस परीक्षेचा अटेम्प्ट. दुसरं, प्रिलिमच्या कोणत्याही एका पेपरला उमेदवार प्रत्यक्ष बसला, तर त्यानं अटेम्प्ट केला असं धरलं जाईल. तिसरं, पुढे उमेदवार अपात्र ठरला किंवा त्याची उमेदवारी रद्द झाली, तरी तो परीक्षेला हजर होता एवढ्यावरूनच अटेम्प्ट मोजला जाईल.

मोजणी हजेरीची आहे. फॉर्म, फी, सेंटरची निवड, हॉलतिकीट, यातलं काहीही मोजत नाहीत. भाऊ त्या दिवशी सेंटरवर गेलाच नाही, तर त्याचे चारच अटेम्प्ट राहतील. बाबांना हे दुसरं वाक्य स्वतः वाचायला द्या.

रूममेटचा सल्ला मात्र फार महागात पडेल. @पेठेतला_अभ्यासू, तुम्ही दोन वेगळे नियम एकत्र केलेत. दोन्ही पेपरला बसणं बंधनकारक आहे हे खरं, पण ते तपासणीसाठी. एका पेपरला गैरहजर राहिलात तर तुम्ही त्या वर्षापुरते अपात्र ठरता. अटेम्प्ट धरायला मात्र एक पेपर पुरतो. म्हणजे सकाळी जीएस देऊन दुपारी सीसॅटला न बसणारा मुलगा दोन्हीकडून जातो. त्याचा जीएसचा पेपर कितीही चांगला गेलेला असो, पुढे जाणार नाही, आणि सहातला एक अटेम्प्ट मात्र वापरला जाईल.

@कोकणकडा, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य, पण विद्यापीठाचा हिशेब वेगळा असतो. तिथे तुम्ही त्या परीक्षेचे नोंदलेले विद्यार्थी असता आणि प्रत्येक विषयापुढे काहीतरी शेरा यावाच लागतो, म्हणून गैरहजेरीचाही शेरा येतो. यूपीएससीत गैरहजर उमेदवाराचं मार्कशीटच तयार होत नाही.

पेठेतला_अभ्यासू

स्मिताताई, आत्ता २०२५ ची नोटीस उघडून बघितली. ‘कोणत्याही एका पेपरला’ असंच लिहिलंय. माझ्या खोलीतल्या दोघांनी मागच्या वर्षी नेमकं हेच केलं होतं. सकाळचा पेपर देऊन आले आणि अटेम्प्ट वाचला म्हणून निश्चिंत आहेत. त्यांना आज संध्याकाळीच सांगतो.

पण एक शंका. सकाळी आत गेलो, पेपर हातात घेतला, अवघड दिसला आणि ओएमआर कोरी ठेवली तर? एकही गोळा भरला नाही तर ‘बसलो’ कसं म्हणणार?

निवृत्त_मास्तर

मी नोकरीत असताना अनेक वर्षं अशा परीक्षांना पर्यवेक्षक म्हणून काम केलंय. कोऱ्या ओएमआरचं सांगतो.

हॉलमध्ये उमेदवार बसले, ओएमआर आणि प्रश्नपुस्तिका वाटून झाल्या की हजेरीपट फिरतो. त्यावर उमेदवाराचं नाव, रोल नंबर आणि फोटो आधीच छापलेला असतो. उमेदवारानं त्यावर पुस्तिकेची मालिका लिहायची, सही करायची, आणि आम्ही चेहरा फोटोशी ताडून पाहून आमची सही करायची. जो बाक रिकामा, त्या नावापुढे आम्ही गैरहजर लिहायचो. त्याची पुस्तिका न उघडता परत जायची. शेवटी हजर किती, गैरहजर किती, वापरलेल्या पुस्तिका किती, परत गेलेल्या किती, हा सगळा मेळ बसल्याशिवाय पाकीट सील होत नसे. आकडा जुळला नाही तर सगळा हॉल पुन्हा मोजायचा.

आता तुम्हीच बघा. हजेरी ठरते ती त्या कागदावर आणि त्या वेळी. नंतर तुम्ही किती गोळे भरलेत हे हजेरीपटाला कळत नाही. ओएमआर कोरी दिलीत तरी तुमच्या सहीचा कागद पाकिटात गेलेला असतो. आणि पेपर आवडला नाही म्हणून मधेच उठताही येत नाही, वेळ संपेपर्यंत जागेवर बसावं लागतं.

पेपर पाहून निर्णय घ्यायची सोय कुठेच नाही बाळा. निर्णय गेटच्या बाहेर घ्यायचा.

सोलापूरची_लेक

मास्तरांनी गेटचं नाव काढलं म्हणून लिहिते. गेट पेपरच्या अर्धा तास आधी बंद होतं. साडेनऊचा पेपर तर नऊला, अडीचचा पेपर तर दोनला. पूर्वी दहा मिनिटं आधीपर्यंत आत घ्यायचे, आता तसं नाही.

माझ्या मैत्रिणीचं सांगते. सकाळचा पेपर उत्तम गेला. सेंटरच्या आसपास सावली नव्हती, खायलाही काही नव्हतं, म्हणून रिक्षा करून नातेवाइकांकडे जेवायला गेली. परत येताना ट्रॅफिक. गेटवर पोचली तेव्हा दोन वाजून सहा मिनिटं झाली होती. पेपर सुरू व्हायला चोवीस मिनिटं बाकी होती, हॉलतिकीट हातात, आतल्या बाकावर तिचा नंबर चिकटवलेला, पण आत सोडलं नाही. बाहेर तिच्यासारखी आणखी मुलं होती, काहींचे पालक वॉचमनला हात जोडत होते.

तिनं मुद्दाम काहीच केलं नव्हतं. तरी सकाळच्या हजेरीमुळे अटेम्प्ट गेला आणि दुपारच्या गैरहजेरीमुळे अपात्र ठरली. म्हणून सांगते, सकाळी एकदा आत गेलात की दुपारी काहीही करून दोनच्या आत गेटमधून आत असा. डबा बरोबर न्या.

अनघा_मिरज

सगळ्यांचे आभार. बाबांना ते वाक्य दाखवलं, पटलं त्यांना. रूममेटचा सल्लाही बाद.

पण आता भाऊ फारच निर्धास्त झालाय. म्हणतो, गैरहजर राहिल्यानं काहीच जात नसेल तर यंदा नाही, पाहिजे तर पुढच्या वर्षीही नाही, पूर्ण तयारी झाल्यावरच बसतो. हे बरोबर आहे का? त्याची जन्मतारीख १८ जानेवारी १९९७.

स्मिता_नागपूर

काहीच जात नाही असं नाही. वर्ष जातं. गैरहजर राहून अटेम्प्ट वाचतो, वय वाचत नाही. त्यामुळे नुसते अटेम्प्ट मोजून चालत नाही. उरलेल्या प्रिलिम आणि उरलेले अटेम्प्ट शेजारी शेजारी लिहून बघायचे.

भावाचा हिशेब करू. वय परीक्षेच्या वर्षाच्या १ ऑगस्टला बघतात आणि ओपनला त्या दिवशी ३२ पूर्ण झालेली चालत नाहीत. १ ऑगस्ट २०२६ ला तो २९ चा असेल, २०२७ ला ३०, २०२८ ला ३१. २०२९ च्या जानेवारीत ३२ पूर्ण होतील, म्हणजे ते वर्ष बाद. त्याच्यापुढे तीन प्रिलिम आहेत: २०२६, २०२७ आणि २०२८. अटेम्प्ट मात्र सहातले चार गेले, दोन उरले.

प्रिलिम तीन आणि अटेम्प्ट दोन. म्हणजे एक वर्ष त्याला तसंही रिकामं सोडावंच लागणार आहे. ते आजारपणाचं वर्ष असलं तर उत्तमच. यंदा न गेल्यानं त्याचं खरोखर काहीही कमी होत नाही. पण पुढच्या वर्षीही गेला नाही तर २०२८ ची एकच प्रिलिम हातात राहील आणि दुसरा अटेम्प्ट न वापरताच संपेल. यंदा सुट्टी परवडते, २०२७ ला परवडत नाही. हे त्याला कागदावर लिहून द्या.

मुलं हे क्वचितच मोजतात. ओपनच्या उमेदवाराला वयाच्या २१ पासून ३१ पर्यंत जास्तीत जास्त अकरा प्रिलिम मिळू शकतात आणि अटेम्प्ट सहा. म्हणजे पाच वर्षं सोडायला मोकळी. ओबीसींना वयात तीन वर्षांची सूट आहे, म्हणून प्रिलिम चौदा आणि अटेम्प्ट नऊ. तिथेही पाचच. ही पाच वर्षं बहुतेकांची सुरुवातीलाच खर्च होतात, कारण पदवी, नोकरी, मग राजीनामा, मग तयारी असा प्रवास असतो. जो सव्विसाव्या वर्षी पहिली प्रिलिम देतो, त्याच्याकडे सहा प्रिलिम आणि सहा अटेम्प्ट असतात. त्याच्यासाठी प्रत्येक गैरहजेरी म्हणजे वाया गेलेला अटेम्प्टच आहे, फक्त तो नोंदवला जात नाही.

एससी आणि एसटी उमेदवारांना अटेम्प्टची मर्यादाच नाही, वय ३७ होईपर्यंत कितीही. त्यांच्यासाठी गैरहजर राहून वाचवण्यासारखं काहीच नाही. तयारी अर्धी असली तरी जाऊन बसावं.

पेठेतला_अभ्यासू

ताई, तुमचं वाचून मी माझा हिशेब केला. जन्म मार्च १९९५, ओपन, अटेम्प्ट दोन उरलेत. मी इतके दिवस धरून चाललो होतो की यंदा तयारी कमी वाटली तर सोडून देईन, दोन आहेतच.

१ ऑगस्ट २०२६ ला माझं वय ३१. २०२७ ला ३२ पूर्ण. म्हणजे यंदाचीच शेवटची?

स्मिता_नागपूर

हो. यंदाची शेवटची. तुमच्या दोन अटेम्प्टपैकी एक काहीही केलं तरी वापरता येणार नाही. म्हणून तुमच्या बाबतीत माझा सल्ला अनघाच्या भावाच्या अगदी उलट आहे. तयारी कशीही असो, साडेआठला गेटवर उभे राहा. जीएसला कमी वेळ उरला असेल तरी सीसॅटचे ३३ टक्के सोडू नका. गणिताची भीती असेल तर आकलनाचे उतारे रोज करा.

पेठेतला_अभ्यासू

जातो. आज रात्रीपासूनच सीसॅटला हात घालतो.

लातूरकर_७

माझी तयारी राज्यसेवेची. एमपीएससीलाही असेच सहा आणि नऊ अटेम्प्ट आहेत ना? आमच्या अभ्यासिकेत भिंतीवर तसा कागद चिकटवलाय आणि काही मुलं त्या भीतीनं पूर्व परीक्षा सोडतात.

सोलापूरची_लेक

तो कागद काढून टाका दादा. एमपीएससीनं डिसेंबर २०२० मध्ये तशी घोषणा केली होती: खुल्या प्रवर्गाला सहा, मागासवर्गाला नऊ, अनुसूचित जाती-जमातींना मर्यादा नाही. तेव्हा अटही यूपीएससीसारखीच होती, हजर राहिलात तर संधी मोजायची. पण २०२२ मध्ये आयोगानं तो निर्णय मागे घेतला. आता राज्यसेवेला वयाचीच मर्यादा आहे. त्यामुळे अटेम्प्ट वाचवायला म्हणून पूर्व परीक्षा सोडण्याला अर्थच नाही. माझ्याही ओळखीतल्या दोघींना हे अजून माहीत नव्हतं.

लातूरकर_७

आज अभ्यासिकेत सांगतो. तिथली एक मुलगी याच कारणानं मागची परीक्षा सोडून बसली होती.

कोकणकडा

माझा आधीचा मुद्दा विद्यापीठाचा होता, इथे लागू नाही हे समजलं. पण मला नियमच पटत नाही. आजारी पडला, अपघात झाला, घरात कुणी गेलं आणि मुलगा एक पेपर देऊन बाहेर पडला, तर त्याला एक संधी परत द्यायला काय हरकत आहे? कागदपत्रं दाखवली तर?

स्मिता_नागपूर

भावना पटते, पण असा रस्ता उघडलेला मला तरी दिसलेला नाही. २०२० चं उदाहरण घ्या. त्या वर्षीची प्रिलिम ३१ मेला व्हायची होती, कोविडमुळे ती ४ ऑक्टोबरला झाली. ज्यांचे अटेम्प्ट आणि वय दोन्ही शिल्लक होतं, त्यांच्यातले जे आजारामुळे किंवा घरच्यांच्या भीतीनं गेले नाहीत, त्यांचं नुकसान वर्षापुरतं होतं. खरी कोंडी झाली ती शेवटच्या अटेम्प्टवाल्यांची आणि शेवटच्या वयाच्या मुलांची. दवाखान्यात ड्यूटी करणारे डॉक्टर होते, पोलिसातले होते, ज्यांना अभ्यासाला वेळच मिळाला नव्हता. वय शिल्लक नसल्यानं ‘जाऊ नका, अटेम्प्ट वाचवा’ हा सल्ला त्यांच्या कामाचा नव्हता. ते गेले, बसले आणि मग जादा संधीसाठी सुप्रीम कोर्टात गेले. २४ फेब्रुवारी २०२१ ला कोर्टानं ती मागणी फेटाळली.

एवढ्या मोठ्या साथीत जे मिळालं नाही, ते एकट्या-दुकट्याला मेडिकल सर्टिफिकेटवर मिळेल असं मी कुणाला सांगणार नाही. आजारपण परीक्षेच्या आधी आलं तर घरी राहा, अटेम्प्ट राहतो. सकाळच्या पेपरनंतर आलं तर गेला.

निवृत्त_मास्तर

यात मी एवढंच जोडतो की नियम कठोर आहे, पण सगळ्यांना सारखा आहे. एकदा कारणं ऐकायला बसलं की कुणाचं कारण खरं हे ठरवणार कोण? अर्थात अपघाताच्या बाबतीत मनाला लागतं. मी हॉलमध्ये मुलांना रडताना पाहिलंय.

कोकणकडा

मास्तर, सारखा नियम म्हणजे न्याय्य नियम असं मी मानत नाही. हॉस्पिटलच्या नोंदी तपासता येतात. पण ठीक आहे, अनघाताईंचा धागा भरकटवत नाही.

पेठेतला_अभ्यासू

अजून एक विचारतो. हे मोजतं कोण? वेबसाइटवर ‘तुमचे अटेम्प्ट इतके’ असं काही दिसत नाही. आपणच आकडा भरायचा का?

स्मिता_नागपूर

आकडा आपणच भरतो, पण आयोगाकडे हजेरीच्या नोंदी असतातच. चुकीचा आकडा भरणं हा फार गंभीर प्रकार आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र केडरच्या एका परिवीक्षाधीन अधिकाऱ्याची उमेदवारी आयोगानं ३१ जुलैला रद्द केली, ती याच मुद्द्यावर. आयोगाचं म्हणणं होतं की स्वतःचं आणि आईवडिलांचंही नाव बदलून अर्ज झाल्यामुळे अटेम्प्टची संख्या त्यांच्या पद्धतीला पकडता आली नाही. त्यानंतर आयोगानं २००९ ते २०२३ या काळात अंतिम शिफारस झालेल्या १५,००० हून अधिक उमेदवारांच्या नोंदी पुन्हा तपासल्या.

म्हणून आपली नोंद आपणच ठेवायची. एका वहीत वर्ष, रोल नंबर आणि पुढे हजर की गैरहजर. गैरहजर वर्षाचं हॉलतिकीटही फेकू नका. लोक पाच वर्षांनी ‘किती फॉर्म भरले’ हे आठवतात आणि त्यालाच अटेम्प्ट समजून बसतात. मग जास्तीचा आकडा लिहून स्वतःचंच नुकसान करून घेतात.

गोदाकाठ

हे शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. माझी अडचण नेमकी इथंच आहे.

मी नाशिकची. आतापर्यंत सात वेळा फॉर्म भरला, सगळे ओबीसीतून. एक वर्ष लग्नामुळे गेलेच नाही, ती गैरहजेरी स्पष्ट आहे. पाच वेळा दोन्ही पेपर दिलेत. राहिलं एक वर्ष. त्या वर्षी मला सकाळपासून ताप होता, तरी गेले. जागेवर बसले, ओएमआर मिळाली आणि उलटी झाली. पर्यवेक्षक बाई चांगल्या होत्या, त्यांनी बाहेर नेलं, पाणी दिलं, केंद्रावरच्या सरांशी बोलल्या आणि मला जाऊ दिलं. प्रश्नपुस्तिका हातात आली होती की नाही, हजेरीपटावर सही केली होती की नाही, मला खरंच आठवत नाही. दुपारी गेले नाही.

यंदा नॉन-क्रिमीलेयरचा दाखला मिळणार नाही असं दिसतंय. म्हणजे ओपनमधून भरावं लागेल, सहा अटेम्प्ट. वयात बसते, अजून दोन वर्षं आहेत. ते वर्ष मोजलं नाही तर माझे पाच झालेत आणि एक उरतो. मोजलं तर सहा झाले आणि सगळं संपलं. शिवाय ओबीसीतून दिलेले अटेम्प्ट ओपनच्या सहात धरतात का, हेही कळत नाही.

निवृत्त_मास्तर

ताई, सहीवर सगळं आहे असं मला वाटतं. माझ्या हॉलमध्ये ओएमआर आधी वाटायचो, पुस्तिका नंतर, आणि हजेरीपट पेपर सुरू झाल्यावर फिरवायचो. तुमच्याकडे नुसती ओएमआर आली होती आणि तेव्हाच तुम्ही बाहेर गेलात, तर हजेरीपट तुमच्यापर्यंत पोचलाच नसेल. मग तुमच्या नावापुढे गैरहजर लागलं असण्याची शक्यता बरीच आहे. पण प्रत्येक केंद्रावर क्रम तंतोतंत तसाच असतो असं मी छातीठोक सांगणार नाही. आणि त्या बाईंनी कागदावर काय लिहिलं, ते त्या कागदावरच आहे.

स्मिता_नागपूर

ओबीसीतले अटेम्प्ट मी तरी धरून चालेन. नियमात ‘उमेदवाराचा अटेम्प्ट’ म्हटलंय, तो कोणत्या प्रवर्गातून दिला याची वेगळी वही नाही असं माझं वाचन आहे. ते पाच मोजलेच जाणार असं समजा.

त्या तापाच्या वर्षाबद्दल मी ठाम सांगू शकत नाही. ‘पेपरला प्रत्यक्ष बसला’ याचा अर्थ हॉलमध्ये शिरला की पुस्तिका घेतली की सही केली, हे नोटीसमध्ये फोडून लिहिलेलं नाही. एक आठवून बघा. अंतिम निकाल लागल्यावर पास न झालेल्यांनाही प्रिलिमचे गुण बघायला साइटवर काही दिवस लिंक असते. त्या वर्षी तुम्ही बघितले होते का? रोल नंबर टाकल्यावर गुण दिसले असतील तर हजेरी लागलेली आहे.

गोदाकाठ

बघितले नव्हते. काही उपयोग नाही असं वाटलं होतं. हॉलतिकीट मात्र आहे, ईमेलमध्ये सापडलं.

कोकणकडा

गोदाकाठताई, आयोगाला लेखी विचारा. माहिती अधिकारातही स्वतःच्याच हजेरीबद्दल विचारता येईल. फॉर्म भरायची मुदत संपायच्या आत उत्तर आलं नाही तर काय करायचं, हा प्रश्न राहतोच.

स्मिता_नागपूर

हो, लेखीच. फोनवर कुणी ‘चालेल’ म्हटलं तर त्याला किंमत नाही. अर्जात वर्ष, रोल नंबर, केंद्र आणि ‘पहिल्या सत्रात प्रश्नपुस्तिका मिळण्यापूर्वी प्रकृतीमुळे बाहेर पडले’ असं लिहायच्या आधी ते खरंच तसं होतं का याची खात्री करा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असंच लिहा आणि नोंदीत हजर आहे की गैरहजर एवढंच विचारा. आणि उत्तर येण्याआधी फॉर्ममध्ये पाच लिहू नका. नंतर सहा निघाले तर तुम्ही खोटं लिहिलंत असा अर्थ निघेल, आणि ते एका अटेम्प्टपेक्षा फार वाईट.

गोदाकाठ

अर्ज आज लिहिला. त्या वर्षी माझ्याबरोबर नाशिकहून आलेली मैत्रीण त्याच वर्गात मागच्या बाकावर होती, तिलाही फोन केला. ती म्हणते, मी बाहेर गेले तेव्हा पुस्तिका वाटणं सुरू होतं, पण आमच्या रांगेपर्यंत आल्या होत्या का ते तिलाही नक्की सांगता येत नाही. उत्तर आलं की इथेच लिहीन.

अनघा_मिरज

नक्की लिहा ताई. भावाचं ठरलं. यंदा जाणार नाही, २०२७ आणि २०२८ दोन्ही द्यायच्या. त्यानं मास्तरांसाठी एक प्रश्न दिलाय: परीक्षेच्या दिवशी घरी बसून त्याच वेळेत पेपर सोडवायचा असेल तर प्रश्नपुस्तिका कधी मिळते?

निवृत्त_मास्तर

उमेदवार पेपर संपल्यावर पुस्तिका घेऊनच बाहेर येतात. पेठेतला_अभ्यासू त्या दिवशी सेंटरवर असणारच आहे, त्याच्याकडून दोन्ही पेपरचे फोटो मागवून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ आणि दुपारी अडीच, वेळ लावून दोन्ही सोडवायला बसवा.

पेठेतला_अभ्यासू

पाठवतो ताई. दुपारी बाहेर येता येता जीएसचा, आणि संध्याकाळी सीसॅटचा.